चंद्राची पाठ: आठ मिनिटांच्या संहितेच्या तपासणी-नोंदी

3 फेब्रुवारी

संहिता हाती आली. विषय: चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते. शब्द 1,140. व्हिडिओ 8 मिनिटांचा ठरलाय. लेखकाने 1 मिनिटाला 140 शब्द धरून हिशेब केला होता, म्हणून त्याला लांबी बरोबर वाटत होती.

मी आज संहिता मनात वाचलीच नाही, मुद्दामच. एकदा डोळ्यांनी वाचली की अर्थ कळतो, आणि अर्थ कळला की कान खोटं बोलायला लागतात. बघणाऱ्याला जे पहिल्यांदा ऐकू येणार आहे, ते मलाही पहिल्यांदा ऐकूच यायला हवं. त्यामुळे फक्त दोन कामं केली. ताईंना (आमच्या निवेदिका) उद्या कोऱ्या वाचनाला बोलावलं. आणि त्यांच्या मागच्या तीन ध्वनिमुद्रणांतलं मधलं एकेक मिनिट काढून शब्द मोजले. सरासरी 112 आली.

म्हणजे 1,140 शब्दांना 10 मिनिटांहून जास्त लागणार. 8 मिनिटांत 900 च्या आसपास शब्द मावतात. जवळजवळ 240 शब्द जायला हवेत, आणि ही गोष्ट लेखकाला आत्ताच सांगितलेली बरी.

मराठीत मिनिटाला शब्द मोजण्यात एक फसवणूक आहे, ती इथे टिपून ठेवतो. प्रत्यय आणि समास शब्दातच मुरतात, त्यामुळे एक शब्द म्हणजे एक माप राहत नाही. या संहितेत पहिल्याच पानावर 'परिभ्रमणकालावधीइतकाच' असा शब्द आहे. मोजणीत तो एक. उच्चारात तेरा अक्षरं. 'चंद्र गोल फिरतो' हे तीन शब्द म्हणून होतील तरी तो एकटा शब्द संपलेला नसेल. म्हणून 112 हा आकडा ताईंच्या आवाजासाठी आणि साध्या मजकुरासाठीच खरा. जड परिच्छेदात तो 90 वर येतो, हे मी याआधी पाहिलंय.

4 फेब्रुवारी

कोरं वाचन झालं. पद्धत नेहमीचीच: ताईंना संहिता आधी दाखवायची नाही, समोर ठेवून सरळ वाचायला सांगायचं, मी हातात छापील प्रत घेऊन ऐकायचं. श्वास घेतला तिथे तिरकी रेघ, अडखळल्या तिथे गोल, मागे जाऊन पुन्हा वाचलं तिथे बाण. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. अर्थ उद्या.

वाचन 10 मिनिटं 25 सेकंदांचं झालं. 31 गोल, 12 बाण.

रेघांमध्ये एक गोष्ट स्पष्ट दिसली. ताई आपसूक 9-10 शब्दांनी श्वास घेतात. 14 च्या पुढे सलग मजकूर गेला की श्वास चोरून घ्यावा लागतो आणि चोरलेला श्वास नेमका चुकीच्या जागी पडतो. हे वाक्य पाहा, तिरक्या रेघा त्यांच्या श्वासाच्या:

«पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा चंद्राच्या / जवळच्या बाजूवर होणारा परिणाम दूरच्या बाजूवर होणाऱ्या / परिणामापेक्षा अधिक असल्यामुळे चंद्राच्या आकारात / किंचित फुगवटा निर्माण होतो.»

'चंद्राच्या' म्हणून थांबलं की ऐकणारा 'कशाच्या?' म्हणून टांगून राहतो. 'चा-ची-चे' लागलेला शब्द आणि त्याच्या पुढचं नाम यांच्यामध्ये श्वास पडता कामा नये. तसंच 'होणाऱ्या' आणि 'परिणामापेक्षा' यांच्यामध्ये. पण ताईंचा यात काहीच दोष नाही. त्या वाक्यात श्वास घ्यायला योग्य जागाच नाही! सगळे शब्द एकमेकांचा हात धरून उभे आहेत आणि कुणीही सोडत नाही.

आणखी एक: संहिता 'केले, वर्षे, दिसते, त्यामुळेच असे म्हटले जाते' अशा लेखी वळणाची आहे. ताई बोलताना ती जाता जाता 'केलं, वर्षं' करत होत्या, पण सगळीकडे नाही. एकाच परिच्छेदात 'झालं' आणि 'झाले' दोन्ही आले. शिवाय डोळ्यांनी एक वाचायचं आणि तोंडाने दुसरं बोलायचं यात त्यांची शक्ती जाते. 31 पैकी निदान आठ गोल याच कारणाचे. ठरलं: संहितेतच अनुस्वाराची रूपं लिहायची. जसं बोलायचं तसंच कागदावर.

5 फेब्रुवारी

आजचा सगळा वेळ एका वाक्यावर गेला, आणि तो वाया गेला असं वाटत नाही. मूळ वाक्य असं:

«1959 साली 7 ऑक्टोबर रोजी सोव्हिएत संघाच्या 'लूना 3' या यानाने, पृथ्वीवरून कधीही न दिसणाऱ्या आणि म्हणूनच हजारो वर्षे मानवाच्या कुतूहलाचा विषय ठरलेल्या चंद्राच्या पलीकडच्या बाजूची, यानातच फिल्म धुऊन व ती स्कॅन करून रेडिओ लहरींद्वारे पृथ्वीवर पाठवलेली पहिली छायाचित्रे घेतली.»

40 शब्द. कागदावर व्याकरण चोख आहे, माहितीही बरोबर आहे. पण लांबी ही या वाक्याची खरी अडचण नाही. अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली, कर्ता आणि क्रियापद यांच्यातलं अंतर. 'यानाने' आणि 'घेतली' यांच्यामध्ये 28 शब्द आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'यानाने' ऐकल्यावर यानाने काय केलं याची वाट पाहत ऐकणाऱ्याला ते 28 शब्द डोक्यावर वाहून न्यावे लागतात. वाचणारा डोळा मागे नेऊन 'यानाने' पुन्हा पाहू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. ताईंच्या गतीने 28 शब्द म्हणजे 15 सेकंद. एवढ्या वेळात 'यानाने' विसरायला होतं, आणि शेवटी 'घेतली' आलं की कुणी घेतली हे हरवलेलं असतं.

दुसरी अडचण मला ऐकतानाच कळली, वाचताना कळली नसती. 'पृथ्वीवरून कधीही न दिसणाऱ्या आणि म्हणूनच हजारो वर्षे मानवाच्या कुतूहलाचा विषय ठरलेल्या चंद्राच्या' इथपर्यंत ऐका. काय कळलं? की चंद्र पृथ्वीवरून कधीच दिसत नाही! 'न दिसणाऱ्या' हे विशेषण 'बाजू'चं आहे, पण 'बाजू' यायच्या आधी 'चंद्राच्या' येतं आणि कान पहिल्या नामाला विशेषण चिकटवून मोकळा होतो. पुढे 'बाजूची' आल्यावर चूक दुरुस्त होते, पण तोवर एक सेकंद गोंधळात गेलेला असतो आणि त्या सेकंदातले पुढचे शब्द कुणी ऐकलेले नसतात. '-णाऱ्या', '-लेल्या' अशी विशेषणं नामाच्या आधी रचत गेलं की हे हटकून होतं.

तोडून पाहिलं:

«7 ऑक्टोबर 1959. सोव्हिएत संघाचं 'लूना 3' हे यान चंद्राच्या मागे गेलं. त्याने फोटो काढले. फोटो फिल्मवर होते. फिल्म यानातच धुतली. मग ती स्कॅन झाली. मग ती रेडिओने पाठवली.»

मोठ्याने म्हटलं आणि आवडलं नाही. एक सोडून सगळी वाक्यं तीन-चार शब्दांची, एका मापाची. हातोडीचे ठोके पडल्यासारखं झालं. लहान वाक्यांची ही दुसरी बाजू लोक लक्षात घेत नाहीत. लांब वाक्यात ऐकणारा हरवतो आणि एकसारख्या तुकड्यांत तो कंटाळतो, कारण कुठलं महत्त्वाचं आणि कुठलं नाही हे आवाजातून कळायचं बंद होतं.

तिसरा प्रयत्न, हा ठेवला:

«तारीख 7 ऑक्टोबर 1959. सोव्हिएत संघाचं 'लूना 3' हे यान चंद्राला वळसा घालून पलीकडे पोचलं आणि त्याने फोटो काढले. फिल्मवर. ती फिल्म यानातच धुऊन, यानातच स्कॅन करून, रेडिओ लहरींवरून पृथ्वीकडे पाठवली गेली. चंद्राची पाठ माणसाने तेव्हा पहिल्यांदा पाहिली.»

'फिल्मवर.' हा एका शब्दाचा तुकडा मुद्दाम ठेवलाय. आज ऐकणाऱ्याला फोटो म्हटलं की फिल्म आठवत नाही, त्यामुळे तिथे एक थांबा मिळून ती गोष्ट मनात उतरायला हवी, म्हणजे पुढचं 'धुऊन' कळतं. त्यानंतरचं वाक्य चांगलं लांब आहे, पण ते जड होत नाही. '-ऊन' चं क्रियापद प्रत्येक ठिकाणी एक काम पूर्ण करून पुढे सरकतं. धुतली, झालं. स्कॅन केली, झालं. ऐकणाऱ्याला काहीच डोक्यावर वाहायचं नाही. म्हणजे मराठीत लांब वाक्य बोलता येतं, फक्त ते साखळीसारखं पुढे जाणारं हवं. एकात एक बसवलेल्या डब्यांसारखं नको.

हे लेखकाला नीट दाखवायचं. नुसतं 'वाक्य तोड' म्हटलं तर तो ठोके मारत सुटेल.

6 फेब्रुवारी

आकडे आणि चिन्हं. हे काम भराभर झालं.

'3,84,400 किमी' कागदावर इवलंसं दिसतं, तोंडातून 'तीन लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे किलोमीटर' निघतं. या व्हिडिओत त्या शेवटच्या चारशेवर काहीच अवलंबून नाही. 'जवळपास पावणेचार लाख' हे जरा कमी होतं, म्हणून 'पावणेचार लाखांहून थोडं जास्त' लिहिलं आणि नेमका आकडा पडद्यावर ठेवला. '27.3 दिवस' मात्र ठेवला, कारण तो दोन वेळा येणार आहे आणि दोन्हीकडे तोच येणं हाच मुद्दा आहे.

'59 टक्के' पाशी ताई अडखळल्या नव्हत्या, पण मला 'एकोणसत्तर' ऐकू आलं होतं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे कानाला फार जवळचे. म्हणून आधी 'अर्ध्याहून थोडा जास्त' म्हणायचं आणि मग आकडा, म्हणजे चुकीचं ऐकू आलं तरी माप कळेल.

'उदा.', 'इ.', 'कि.मी.' आणि कंसातले सगळे मजकूर काढले. कंस बोलता येत नाही.

8 फेब्रुवारी

लेखक आला होता. दोन तास बसलो. 40 शब्दांच्या वाक्याची गोष्ट त्याला पटली, पण 'परिवलन' आणि 'परिभ्रमण' या शब्दांवरून तो अडला.

"दादा, हे पाठ्यपुस्तकातले शब्द आहेत. स्वतःभोवती ते परिवलन, दुसऱ्याभोवती ते परिभ्रमण. सगळे शाळेत शिकलेत. ते काढले तर व्हिडिओ पोरकट वाटेल."

मी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि त्याचंच वाक्य वाचून दाखवलं: «चंद्राचा परिवलनकाळ हा त्याच्या परिभ्रमणकालावधीइतकाच असल्याने परिवलन आणि परिभ्रमण समकालिक होतात.» मग विचारलं, स्वतःभोवती फिरण्याचा शब्द मी आधी म्हटला की नंतर?

तो काही क्षण गप्प राहिला. "आधी. नाही... थांबा."

त्यानेच लिहिलेलं वाक्य होतं. दोन्ही शब्द 'परि' ने सुरू होतात आणि 'न', 'ण' ने संपतात, फरक काय तो मधे आहे. वाचताना शब्दाचा आकार दिसतो म्हणून गल्लत होत नाही. ऐकताना 'परि' आलं की कान कुठलातरी एक धरतो. आणि अख्खा व्हिडिओ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, तरी दोघींना वेळ सारखाच लागतो, यावर उभा आहे. इथे गल्लत झाली तर पुढचं काहीच हाती लागत नाही.

शेवटी असं ठरलं: स्वतःभोवती ती 'गिरकी', पृथ्वीभोवती ती 'फेरी'. दोन्ही लहान, कानाला अगदी वेगळे. पुस्तकी शब्द एकदाच, पडद्यावर लिहून. नवं वाक्य: «चंद्राला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला 27.3 दिवस लागतात. आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला? तेवढेच. 27.3 दिवस.» लेखकाने हे स्वतः लिहिलं, आणि 'तेवढेच' नंतरचा थांबाही त्यानेच सुचवला. तो थांबा फार चांगला आहे.

फुगवट्याचं वाक्यही त्याने जागेवर फिरवलं: «पृथ्वी चंद्राला ओढते. जवळची बाजू जास्त जोराने, दूरची बाजू कमी जोराने. या फरकामुळे चंद्र किंचित ताणला जातो, त्याला फुगवटा येतो.» मधल्या वाक्यात क्रियापदच नाही, आणि ते चालतं. 'ओढते' आत्ताच ऐकलंय, कान ते स्वतः भरून घेतो.

10 फेब्रुवारी

आज गळतीच्या जागा. म्हणजे बघणारा कुठे उठून जाईल ते.

आधी या चॅनेलच्या मागच्या दोन व्हिडिओंचे रिटेन्शनचे आलेख, म्हणजे कुठल्या क्षणाला किती जण अजून बघत होते ते, पुन्हा पाहिले. आलेख सावकाश उतरत जातो, त्याने घाबरायचं कारण नाही. प्रत्येक व्हिडिओचा उतरतो. बघायचं ते आकाराकडे. खड्डा पडून रेघ पुन्हा वर आली, तर लोकांनी तेवढा भाग पुढे ढकललाय: तो तुकडा नकोसा होता, पण व्हिडिओ हवा होता. पायरीसारखी खाली येऊन खालीच राहिली, तर लोक निघून गेले. आणि उंचवटा असेल तर तो भाग पुन्हा पाहिला गेलाय. उंचवटा दिसला की सगळे खूश होतात, पण लोक मागे जातात ते आवडलं म्हणून किंवा कळलं नाही म्हणून. आलेख कारण सांगत नाही. ते संहिता शेजारी ठेवून आपणच शोधायचं.

मागच्या दोन्ही व्हिडिओंत 30 सेकंदांच्या आत मोठी घसरण होती आणि दोन्हींची सुरुवात सारखीच: नमस्कार, स्वागत, आजच्या व्हिडिओत आपण अमुक पाहणार आहोत, त्याआधी तमुक. या संहितेतही तेच. मूळ प्रश्न यायच्या आधी 74 शब्द होते, म्हणजे 40 सेकंद. ज्याने शीर्षक वाचून टिचकी मारली त्याला विषय माहीत आहे. त्याला तोच विषय पुन्हा घोषणा करून सांगायचा म्हणजे दारात उभं करून ठेवायचं. आता सुरुवात अशी: «चंद्र स्वतःभोवती फिरतो. तरी त्याची पाठ आपल्याला कधीच दिसत नाही. असं कसं?» सात सेकंद. लगेच खुर्चीचा प्रयोग: खुर्चीकडे तोंड ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारा. खुर्चीला तुमची पाठ दिसली नाही, पण खोलीच्या चारही भिंतींकडे तुमचं तोंड एकेकदा झालं, म्हणजे तुमची एक गिरकी झाली. हा प्रयोग मूळ संहितेत 3:10 ला होता. व्हिडिओतली सगळ्यात चांगली गोष्ट तीन मिनिटं पोत्यात घालून ठेवली होती.

बाकीचे माझे अंदाज कागदावर लिहून ठेवतो, नंतर आलेखाशी ताडून पाहायला:

3:40 च्या सुमारास चंद्र कसा जन्मला याचं 95 शब्दांचं आडवळण. माहिती छान, पण चालू प्रश्नाचं उत्तर त्यावाचून अडत नाही. काढलं. लेखकाला वाईट वाटलं, ते साहजिक आहे. त्यावर वेगळा व्हिडिओ होईल.

4:30. इथे मला सगळ्यात जास्त भीती आहे. पूर्वी चंद्र जोरात गिरक्या घ्यायचा, गिरकीबरोबर फुगवटा पुढे सरकायचा, पृथ्वी त्याला मागे ओढायची, असं होत होत गिरकी मंदावली आणि फेरीशी जुळली. उत्तर पूर्ण झालं. ज्या प्रश्नासाठी माणूस आला तो सुटला आणि अजून साडेतीन मिनिटं बाकी आहेत. इथे मूळ संहितेत «अशा प्रकारे आपण पाहिले की» असं वाक्य होतं. ते तर निरोपाचं वाक्य झालं. उपाय: उत्तर बंद होण्याच्या एक वाक्य आधीच दुसरा प्रश्न उघडायचा. «मग पलीकडे काय आहे? तिथेही असेच काळे डाग आहेत का?» पलीकडे काळे डाग फारच कमी आहेत, आणि तिथूनच 'लूना 3' ची गोष्ट सुरू होते.

7:05 ला «आता शेवटी». काढलं. 'शेवटी', 'थोडक्यात', 'तर मित्रांनो' ऐकलं की माणसाचा अंगठा आपोआप हलतो.

12 फेब्रुवारी

दुसरं वाचन. 912 शब्द, 8 मिनिटं 15 सेकंद. गोल 31 वरून 6 वर. बाण एकच.

तरीही 5:00 ते 5:50 मध्ये मला पेंग आल्यासारखं झालं आणि कारण कळेना. अडखळणं नाही, लांब वाक्य नाही. परत ऐकलं, मग वाक्यांचे शेवट तेवढे वेगळे लिहून काढले: आहे, आहे, असतं, आहे, आहेत, आहे, आहे. सलग सात वाक्यं एकाच सुरावर खाली येऊन टेकत होती. 'जवळच्या बाजूचं कवच पातळ आहे. पलीकडचं कवच जाड आहे. त्यामुळे तिथे लाव्हा वर येणं अवघड आहे.' मराठी बोलताना 'आहे' पुष्कळदा गाळलं जातं, लिहितानाच ते हटकून येतं. बदललं: «जवळच्या बाजूचं कवच पातळ, पलीकडचं जाड. पातळ कवचातून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. तेच आपल्याला दिसणारे काळे डाग. जाड कवचाने त्याला वर येऊ दिलं नाही.» ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "आता हात हलवत बोलावंसं वाटतंय." यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही.

14 फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण झालं. अंतिम लांबी 8:08. 'तेवढेच' नंतरचा थांबा ताईंनी पूर्ण सव्वा सेकंद घेतला. संकलकाला सांगून ठेवलंय की तो कापायचा नाही. थांबे कापून व्हिडिओ घट्ट करायची सवय असते, आणि मग आपण इतके दिवस बसवलेली लय पाच मिनिटांत जाते.

24 फेब्रुवारी

व्हिडिओला आठवडा झाला. 2,300 व्ह्यूज. आलेख वाचण्याइतके आहेत. शंभर-दोनशेवर मी बोलत नाही, तिथे चार माणसं इकडेतिकडे झाली तरी रेघ नाचते.

सुरुवात सुधारली. 30 सेकंदांना मागच्या वेळी 58 टक्के उरले होते, या वेळी 71. 4:30 ला पायरी पडलीच, पण लहान. दुसरा प्रश्न आधी उघडल्याने ती टळेल असं वाटलं होतं, तेवढं झालं नाही. ज्यांना फक्त उत्तर हवं होतं ते गेले आणि तसे जाणारच. 'लूना 3' चा भाग जवळजवळ सपाट आहे, म्हणजे उरलेले लोक तिथे टिकून होते. त्या वाक्यावर एक दिवस घालवल्याचं सार्थक झालं.

माझा एक अंदाज साफ चुकला. 6:20 ला उंच टेकडी आहे. तिथे मी काहीच खूण केली नव्हती.

26 फेब्रुवारी

6:20 ला हे आहे: «चंद्र जागच्या जागी थोडा डोलतो. त्यामुळे वेगवेगळ्या दिवसांचं मिळून आपल्याला त्याचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग दिसतो. एकोणसाठ टक्के.»

लोक मागे जाऊन हे पुन्हा ऐकतायत. प्रतिक्रियांतही तीन जणांनी तेच विचारलंय: एकच बाजू दिसते म्हणता, मग अर्ध्याहून जास्त कशी?

वाक्य बोलायला सोपं आहे. श्वास योग्य जागी आहे, आकडा सांभाळून दिलाय, ताई एकदाही अडखळल्या नाहीत. म्हणूनच माझ्या तपासणीतून ते सुटलं. मी कान लावून बसलो होतो तो तोंडाच्या अडचणीसाठी. सहा मिनिटं आपण 'एकच बाजू, एकच बाजू' म्हणत आलो आणि मग कसलीही चाहूल न देता त्याला छेद देणारी गोष्ट सांगितली, हे माझ्या लक्षात आलं नाही. एका वेळी अर्धाच भाग दिसतो आणि वेगवेगळ्या दिवसांचं एकत्र केलं तर 59 टक्के, हा सगळा फरक 'वेगवेगळ्या दिवसांचं मिळून' या तीन शब्दांत आहे, आणि ते शब्द वाक्याच्या सुरुवातीला, ऐकणारा अजून सावरतोय तिथे, भरकन निघून जातात.

असं हवं होतं: «आतापर्यंत मी 'एकच बाजू' म्हणत आले. ते पूर्ण खरं नाही. चंद्राची गिरकी एकसारख्या वेगाने होते, पण फेरी नाही. त्याची वाट थोडी लांबट आहे, म्हणून तो कधी भरभर जातो, कधी सावकाश. त्यामुळे कधी त्याच्या डाव्या कडेपलीकडचं थोडं दिसतं, कधी उजव्या. आणि तो थोडा कललेला आहे, म्हणून कधी वरचं, कधी खालचं. आज पाहिलं तर अर्धाच चंद्र. पण या सगळ्या दिवसांचे फोटो एकावर एक ठेवले, तर अर्ध्याहून थोडा जास्त. एकोणसाठ टक्के.»

सुमारे 70 शब्द, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून थोडी जास्त जागा. ती 'पलीकडे' च्या दुसऱ्या उदाहरणातून काढता आली असती.

लेखकाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, हे वाक्य मला लिहितानाच खटकलं होतं. पण ताई इतक्या छान बोलल्या की वाटलं, जमलं."

पुढच्या संहितेपासून कोऱ्या वाचनाला तिसरा माणूस बसवायचा, ज्याला विषय माहीत नाही. त्याने कागद घ्यायचा नाही. जिथे 'अहो, पण आत्ताच तर म्हणालात' असं वाटेल तिथे फक्त हात वर करायचा. ताईंचा भाचा यायला तयार आहे. पुढची संहिता 4 मार्चला येणार.